गुळाचं गाव, नाचणीचं गाव आणि कंपनीचं नाव

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या पाटण तालुक्यात ऊस आणि नाचणी एका शिवारात पिकत नाहीत. ऊस खाली, कोयनेच्या काठाला, निसरे-मल्हारपेठच्या बाजूला, जिथं पाण्याची सोय आहे तिथं. नाचणी आणि वरी वर, मोरगिरीच्या पलीकडच्या वाड्यांवर, उताराच्या जमिनीत, निव्वळ पावसावर. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासद या दोन्हीकडचे. खालच्यांचा गूळ आणि वरच्यांची भरड धान्यं एकाच पाकिटाच्या रांगेत बसवून पुण्यात विकायची, असा बेत होता. आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाला पहिल्यांदा कळायला हवं होतं ते हेच, की हे आलं कुठून. दोन पिकांची दोन गावं असताना ते एका नावात सांगायचं कसं, यावर आमचं घोडं बरेच दिवस अडलं होतं.

सुरुवातीला नावांची यादी सगळ्यांच्या तोंडी आधीच तयार होती. बळीराजा, भूमिपुत्र, अन्नदाता, शिवार, काळी आई. आमच्या बचत गटातल्या एका काकींनी तर ‘जय किसान’ एवढ्या ठामपणे सुचवलं की बैठकीत कुणी काही बोलेना. ही नावं वाईट नाहीत, पण ती शेतकऱ्याला शेतकऱ्याबद्दल काय वाटतं ते सांगतात. कोथरूडमधल्या स्वयंपाकघरात ‘बळीराजा गूळ’ असं पाकीट उघडलं तर त्यातून कोणता जिल्हा, कोणती जमीन, कोणतं गुऱ्हाळ हे काही कळत नाही. शिवाय असली नावं आधीच घेतलेली असतात. कराडच्या आमच्या सीएंनी लॅपटॉपवर कंपनी कार्य मंत्रालयाचा शोध उघडून ‘बळीराजा’ टाकलं आणि पडदा आमच्याकडे फिरवला. यादी खाली सरकतच होती.

“मग बळीराजा पाटण करू,” संचालकांपैकी एक तात्या म्हणाले.

सीएंनी मान हलवली. कंपनी स्थापनेच्या नियमांत नियम ८ आहे. असलेल्या नावाला नुसतं गावाचं नाव जोडलं तर ते नवं नाव धरत नाहीत. अनेकवचन केलं, शब्दांची जागा बदलली, मधली जागा काढली, स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवलं, तरी धरत नाहीत. हिंदीतल्या नावाचं इंग्रजी केलं किंवा इंग्रजीचं हिंदी केलं, तरी तेच. म्हणजे ‘शेतकरी’ काढून ‘फार्मर्स’ घालायचं, ही पळवाट बंद. शेवटी ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ हे शब्द तर कायद्यानेच लावायचे, ते सगळ्यांना सारखे. वेगळेपण जे काही आणायचं ते त्याच्या आधीच्या एक-दोन शब्दांत. कंपनी नोंदणीच्या SPICe+ या ऑनलाइन अर्जाच्या पहिल्या भागात दोन नावं पसंतीच्या क्रमाने देता येतात, फी हजार रुपये, आणि नाव मंजूर झालं की ते २० दिवस आपल्यासाठी राखून ठेवतात. तेवढ्यात बाकीचे कागद भरायचे. म्हणून नाव आधी पक्कं करा, मग सह्या गोळा करा, असं सीएंचं म्हणणं होतं. डोंगरातल्या वाड्यांवरून दहा-दहा जणांचे कागद आणायचे म्हणजे काय, ते त्यांना माहीत होतं.

‘सह्याद्री’ही निघालं होतं. डोंगर आमचाच, पण शेतकरी कंपन्यांच्या जगात हे नाव म्हटलं की लोकांना नाशिकजवळच्या मोहाडीची द्राक्षांची मोठी कंपनी आठवते. त्यांच्या नावाच्या सावलीत आमची नाचणी विकली गेली असती, पण ती आमची म्हणून नव्हे. कोणी हट्ट धरला नाही.

खरी रस्सीखेच झाली ती कोल्हापूरवरून.

आमचा गूळ बाजारात घेणारे एक अडते आहेत, अनुभवी माणूस. त्यांनी सरळ सांगितलं, “आवं, पुण्यात कोल्हापुरीच चालतोय. पाकिटावर कोल्हापुरी लिहा आन् मोकळं व्हा. गूळ तर तसाच हाय.” आणि गूळ तसाच होता, यात खोटं काही नव्हतं. ऊस ८६०३२ या वाणाचा, तोच जो तिकडेही लावतात. काहील तशीच, चुलवाण तसंच, भेंडीच्या रसाने मळी काढायची रीत तीच. आमच्या एका गुऱ्हाळावरचे गुळवेही तिकडच्याच बाजूने येतात. बैठकीत निम्म्याहून जास्त माणसं अडत्यांच्या बाजूने होती, कारण भावात फरक पडतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी विरोधात होते, आणि कारण साधं होतं. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे. हे मानांकन एखाद्या पद्धतीला किंवा उसाच्या वाणाला मिळत नाही. ठरलेल्या भागात पिकलेल्या आणि तिथंच तयार झालेल्या मालाला मिळतं. त्या भागातला उत्पादक रीतसर अर्ज करून अधिकृत वापरकर्ता होऊ शकतो. आम्ही सातारा जिल्ह्यातले. गूळ कितीही तसाच असला तरी तो तिथला नाही, आणि तिथला नसताना तिथला म्हणून विकणं हे त्या कायद्यात हक्कभंगात बसतं. कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. कर्नाटकातला गूळ आपल्या नावाने खपवतात, अशी ओरड कोल्हापूरचे शेतकरी वर्षानुवर्षं करत आले आहेत. आम्ही तेच करायचं आणि वर ‘थेट शेतकऱ्याकडून, विश्वासाचं’ असं लिहायचं, म्हणजे पाकिटाच्या पुढच्या बाजूचं मागची बाजू खोडून काढणार. मागे तर पॅक करणाऱ्याचा पूर्ण पत्ता छापावाच लागतो. पुढे कोल्हापूर, मागे ता. पाटण, जि. सातारा. पुण्यातली माणसं पाकीट उलटून वाचतात.

“वाचत्यात व्हय?” आबांनी विचारलं. आबा म्हणजे आमचे अध्यक्ष, बोलतात कमी.

वाचतात की नाही हे घरी बसून ठरवण्यात अर्थ नव्हता, म्हणून आम्ही पुण्यातल्या एका प्रदर्शनात बिननावाचा माल घेऊन बसलो. साधी पाकिटं, त्यावर फक्त ‘गूळ’, ‘नाचणी’, ‘वरी’ आणि कायद्याने लागतो तो मजकूर. सोबत मी एक वही ठेवली. विक्री किती झाली हे लिहायला वेगळी माणसं होती. मी फक्त प्रश्न लिहीत होते, लोकांच्या तोंडचे, जसेच्या तसे.

ती वही आजही कपाटात आहे, आणि नावाचा जो काही निकाल लागला तो तिच्यामुळे. गुळापाशी आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असायचा: “केमिकल आहे का?” दुसरा: “एवढा काळा का?” किंवा उलट, “एवढा पिवळा कसा?” तिसरा: “साखर घातलीय का?” आणि मग: “कुठला?” म्हणजे ‘कुठला’ हा प्रश्न चौथा होता, आणि तो विचारताना लोकांना नकाशा नको होता. आधीच्या तीन प्रश्नांची उत्तरं खरी मानायची की नाही, हे ठरवायला त्यांना एक धागा हवा होता. हायड्रॉस नावाचं रसायन मारून पिवळाधमक केलेला गूळ काही दिवसांनी पुन्हा काळपटतो, हे मी सांगायचे. त्यावर एक आजी म्हणाल्या, “हे तू सांगतेस, पण तू त्या चुलाणापाशी होतीस का?” मी होते. कोणत्या गावात, कोणाच्या गुऱ्हाळावर, ते सांगितल्यावर त्यांनी दोन किलो घेतला. गावाचं नाव त्यांनी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. तरी ते सांगता आलं, एवढ्याने काम झालं.

तालुक्याच्या नावाची गत मात्र वेगळीच निघाली. 

“पाटणचा गूळ, ताई.”

“पाटण म्हणजे गुजरातचं ना? पटोला साड्यांचं?”

हे एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण त्या वहीत ‘गुजरात’ हा शब्द वारंवार आहे, आणि एका गृहस्थांनी तर पैठण समजून गोदावरीची चौकशी केली. आम्हाला पाटण हे नाव इतकं जवळचं की त्याच नावाची दुसरी मोठी जागा देशात आहे, हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मग ‘कोयना’ म्हणून पाहिलं. त्यावर लोक लगेच ओळखायचे, पण त्यांच्या मनात धरण यायचं, वीज यायची, वयस्कर माणसांना १९६७चा भूकंप आठवायचा. शिवाय आमच्या भागात दूध, पतसंस्था, हॉटेल, सगळ्यांनी ते नाव घेऊन झालंय. ‘मोरणा’ हे वरच्या खोऱ्यातल्या नदीचं नाव मला मनापासून आवडलं होतं. पण मोरणा शिराळ्यातही आहे आणि अकोल्यातही. अकोल्याचे एक काका स्टॉलवर भेटले, ते नाव ऐकून इतके खूश झाले की मला पुढचं बोलवेना.

या सगळ्यातून एवढं स्पष्ट झालं की जागेचं नाव जितकं मोठं, तितकं ते दुसऱ्या कशाला तरी आधीच बांधलेलं असतं. जागा जितकी लहान, तितकं ते अनोळखी, पण त्यामागे उत्तर देणारा माणूस दाखवता येतो. कंपनीच्या नावात लहान गाव घालावं, तर पुन्हा मूळ अडचण: निसऱ्याचं नाव घातलं तर नाचणीबद्दल खोटं, मोरगिरीचं घातलं तर गुळाबद्दल खोटं. आणि त्यात आमच्याकडच्या गावकीचं राजकारण वेगळंच. एका गावाचं नाव लागलं असतं तर बाकीच्यांनी माल घातलाच असता याची खात्री नाही.

तेव्हा ठरवलं की नावात गाव नको, नावात जमीन येऊ द्या. वरची जमीन आणि खालची जमीन, दोन्ही. इथं आमच्या एका शिक्षक संचालकांनी फार सुंदर नाव काढलं होतं: मळामाळ. मळा म्हणजे पाण्याखालची बागायत, माळ म्हणजे वरची कोरडवाहू. म्हणायला गोड, अर्थ नेमका, आणि असं नाव दुसऱ्या कोणाचं सापडलं नाही. सगळे एकमताने तयार झाले. अर्ज इंग्रजी लिपीत भरायचा म्हणून सीएंनी ते टाइप केलं, Malamal, आणि त्यांच्याकडच्या मुलाने मोठ्याने वाचलं, “मालामाल प्रोड्युसर कंपनी लिमिटेड.” पुढे अ लावून पाहिला, जोडरेघ घालून पाहिली, पण एकदा कानात मालामाल बसल्यावर ते काही जाईना. विश्वासाने खायचा गूळ, आणि नाव लॉटरीच्या तिकिटासारखं. गुरुजी बरेच दिवस हळहळत होते, आणि मला अजूनही ते नाव गेल्याचं वाईट वाटतं.

त्यानंतर प्रत्येक नाव आम्ही आधी इंग्रजीत लिहून मराठी न येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यायला लागलो. कराडच्या बसस्थानकाजवळ बिहारचा एक फळवाला आहे, त्याने आमची बरीच नावं निकालात काढली. दुसरी चाचणी फोनची. वरच्या वाडीवरून, जिथं रेंज तुटक येते, तिथून पुण्यातल्या नातेवाइकाला नाव सांगायचं आणि त्याने ते लिहून परत पाठवायचं. सोसायटीच्या ग्रुपवर नाव पसरतं ते असंच, ऐकून आणि अंदाजाने टाइप करून. लिहिलेलं नाव शोधल्यावर आपण सापडलो नाही, तर माणूस दुसऱ्याच कुणाकडून घेतो.

विशेषणांचा विषय मधूनमधून डोकं वर काढायचा. अस्सल, शुद्ध, पारंपरिक, नैसर्गिक. हे शब्द नावातच असले तर वेगळं सांगायला नको, असं तरुण सभासदांचं म्हणणं. त्यांना अन्नसुरक्षेच्या २०१८च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांतली एक गंमत दाखवली. ब्रँडच्या नावात नैसर्गिक, शुद्ध, अस्सल, पारंपरिक असं विशेषण असेल आणि त्यामुळे गिऱ्हाइकाची दिशाभूल होण्यासारखी असेल, तर पाकिटावर किमान तीन मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत लिहावं लागतं की हे केवळ ब्रँडचं नाव किंवा ट्रेडमार्क आहे, त्यावरून मालाचं खरं स्वरूप कळत नाही. म्हणजे विश्वास वाटावा म्हणून ‘शुद्ध’ घालायचं आणि त्याच पाकिटावर ‘हे खरं धरू नका’ असं आपणच छापायचं. गुऱ्हाळवाल्या तात्यांना हे ऐकून इतकं हसू आलं की पुढे कोणी विशेषण काढलं की ते हाताने तीन मिलिमीटर दाखवायचे.

‘सेंद्रिय’ला तर प्रमाणपत्र लागतं. एनपीओपी या सरकारी योजनेचं, किंवा पीजीएसचं, ज्यात शेतकऱ्यांचा गटच एकमेकांची हमी देतो. वरच्या नाचणीला खत म्हणून शेणखत आणि राबाची राख, एवढंच. पण ते कागदावर कुठं नाही. खालच्या उसाला युरिया पडतो, आणि तो पडतो हे आम्ही विचारणाऱ्याला सांगतो. नावात सेंद्रिय आलं असतं तर निम्मा माल दाराबाहेर ठेवावा लागला असता. २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून ‘श्री अन्न’ हे सरकारी नाव सगळीकडे झालं होतं. पण त्यात गूळ बसत नाही, आणि ज्याला सगळेच वापरतात ते आपलं होत नाही.

शेवटी नाव सापडलं ते आबांच्या बोलण्यातून. ते कुणाला तरी फोनवर आमच्या सभासदांबद्दल सांगत होते, “निम्मी मानसं डोंगरातली, निम्मी काठावरली.” डोंगरकाठ. फळवाल्याने ते नीट वाचलं. फोनवर पलीकडून बरोबर लिहून आलं. त्यात कोणत्याही ठिकाणाचा दावा नाही, तरी हे डोंगराळ आणि नदीकाठच्या मुलखातलं आहे एवढं ऐकणाऱ्याला कळतं, आणि आमच्या दोन्ही पिकांबाबत ते खरं आहे. 

ट्रेडमार्कच्या वकिलांनी ते आधी आवाजावरून शोधलं. नोंदणी कार्यालयाच्या शोधात अक्षरांबरोबर उच्चाराचाही शोध असतो, आणि तो करायलाच हवा. लिहायला वेगळं पण ऐकायला सारखं असलेलं नाव पुढे हरकतीला आमंत्रण देतं. ते म्हणाले की ‘पाटण गूळ’ किंवा ‘मोरगिरी नाचणी’ असं असतं तर अडचण आली असती. नुसतं ठिकाण आणि मालाचा प्रकार सांगणारी खूण कायदा सहसा एकट्याच्या मालकीची करून देत नाही, कारण त्या ठिकाणचा दुसरा शेतकरीही ते खरेपणाने वापरू शकतो. मला हे पटलं. मोरगिरीची नाचणी ही काही आमच्याच सभासदांची नाही.

ट्रेडमार्कच्या अर्जात मालाचा वर्ग निवडताना थोडा घोळ झाला, तो सांगायला हवा, कारण गूळ आणि धान्य एकत्र विकणाऱ्या प्रत्येकाला तो येणार. गूळ आणि नाचणीचं पीठ वर्ग ३०मध्ये येतात. पण नाचणी आख्खी, प्रक्रिया न केलेली, तशीच पाकिटात भरली तर ती वर्ग ३१मध्ये. दोन्ही विकत असाल तर दोन्ही वर्गांत अर्ज हवा, आणि फी वर्गाप्रमाणे लागते. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे साडेचार हजार, नाहीतर नऊ हजार. आम्ही उद्यमचं प्रमाणपत्र आधी काढून घेतलं. कंपनीचं आणि पाकिटावरचं नाव एकच ठेवलं, हे मुद्दाम. पुढे एक ब्रँड आणि मागे भलतीच कंपनी दिसली की गिऱ्हाईक विचारतं, मग हे नक्की कुणाचं?

नाव झालं, पण ‘कुठला’ या प्रश्नाचं उत्तर नावाने दिलेलं नव्हतंच. ते द्यायला नावाच्या बरोबर खाली, त्याच जागी, त्याच आकारात एक ओळ ठेवली, आणि ती छापील नाही. पाकिटं छापून येतात तेव्हा ती ओळ कोरी असते. गूळ भरताना त्यावर शिक्का बसतो: गावाचं नाव, गुऱ्हाळ, आणि आधणाची तारीख. एका काहिलीतून एका वेळी जेवढा गूळ निघतो ते एक आधण, आणि आमचा लॉट म्हणजे तेवढंच. नाचणीला वाडीचं नाव आणि मळणीचा महिना. लॉट नंबर तर सगळ्यांनाच द्यावा लागतो, पण तो सहसा शिवणीपाशी कुठंतरी बारीक आकड्यांत असतो आणि फक्त कंपनीला कळतो. आम्ही तो शब्दांत लिहून पुढे आणला.

याची किंमत मोजावी लागते. गावाचं नाव दिलं की त्या गावाचा माल संपला म्हणून दुसऱ्या गावाचा त्याच शिक्क्याखाली भरता येत नाही. भरणाऱ्या बायकांना हे समजावताना सुरुवातीला फार दमछाक झाली. शिक्का बदलायचा राहिला की सगळं व्यर्थ, म्हणून आता एका गावाचा माल संपला की उरलेली कोरी पाकिटं आणि शिक्का दोन्ही टेबलावरून उचलतात, मग पुढचं पोतं फुटतं.

वरीपाशी मात्र आम्ही अडलो. नाचणी मळली, पाखडली की टरफल सुटतं. वरीचं तसं नाही, तिला सडावं लागतं, म्हणजे कांडून टरफल काढावं लागतं, आणि आमच्याकडे तेव्हा यंत्र नव्हतं. लांबच्या गिरणीत पाठवायचो, तिथं आधीच्या माणसाच्या धान्याचे दाणे यंत्रात राहिलेले असतात, आणि आमच्या एका वाडीचा माल एवढा थोडा की गिरणीवाले तो दुसऱ्यांबरोबर एकत्र घालायचे. परत आलेली वरी चांगली असायची, पण ती आमच्याच वाडीची आहे हे मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. म्हणून वरीच्या पाकिटावर ती ओळ कोरीच राहिली, आणि तिथं छोट्या अक्षरांत छापलं की सडण्याचं काम बाहेर होतं, गाव सांगता येत नाही. विक्रीवाल्या पोराला वाटलं होतं की कोरी ओळ बघून कोणी घेणार नाही. उलट झालं. गुळावर गाव आहे आणि वरीवर नाही, हे बघून लोक थांबून विचारायला लागले, आणि कारण ऐकल्यावर गुळावरचं गाव त्यांना जास्त खरं वाटायला लागलं. आता एक छोटं सडणीयंत्र घेतलंय, आधी आमचीच थोडी वरी घालून ते धुवून काढतात, ती वरी कोंबड्यांना जाते.

ओळीची खरी परीक्षा एका तक्रारीने झाली. पुण्यातल्या एका सोसायटीतून फोन आला की गूळ खारट लागतोय. पाकिटावरचा ग्राहक-संपर्काचा नंबर माझाच आहे, त्यामुळे उचलला मीच. त्यांनी शिक्का वाचून दाखवला. वहीत ते आधण काढलं तर ऊस नदीकाठच्या एका चोपण, म्हणजे क्षार साचलेल्या, पट्टीतला निघाला. अशा जमिनीतल्या उसाचा रस खारवट येतो आणि गुळात ते उतरतं, भेसळीचा त्यात संबंध नाही. त्या बाईंना जमिनीचं कारण सांगितलं, पैसे परत देऊ केले, आणि त्याच आधणाची उरलेली पाकिटं दुकानांतून काढून घेतली. गावाचं नाव नसतं तर सगळाच माल संशयात गेला असता. ज्याचा ऊस होता त्याला मात्र हे आवडलं नाही. गावाचं नाव बदनाम झालं म्हणून तो बैठकीत बराच तापला होता. त्यावर ठरलं की चोपण पट्टीतला ऊस पाकिटातल्या गुळाला घ्यायचा नाही, त्याचा गूळ ढेपेत बाजार समितीला जाईल. त्याला भाव कमी मिळतो, आणि त्याची कुरबुर अजून चालू आहे.

आता माण-खटावची बाजरी घ्यायची का, यावर वाद आहे. शहरात बाजरीला मागणी आहे, तिकडचे शेतकरी द्यायला तयार आहेत, आणि शिक्क्याच्या ओळीत त्यांचं गाव घालायला काहीच अडचण नाही. पण तो मुलूख ना डोंगराचा ना काठाचा. तात्यांचं म्हणणं, ओळीत गाव खरं असलं की पुरे. माझं म्हणणं, आधी त्या गावांतल्या शेतकऱ्यांना सभासद करून घ्या, म्हणजे फोन आल्यावर उत्तर द्यायला आपलं माणूस तिथं असेल. आबांनी तो विषय पुढच्या बैठकीवर ढकललाय.